यंदा चौदा डबे नाहीत

डोंबिवली,
वसुबारसेला अजून चार दिवस आहेत. रात्रीचे दीड.

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न.

दाद्या उद्या रात्रीच्या गाडीने देवरुखला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक छोटा डबा देतोय. फोनवर सांगायला गेलो की आई, तू मध्येच "बरं बरं" म्हणतेस आणि माझं निम्मं पोटातच राहतं. म्हणून लिहितोय. आधी काय ठरलं ते सांगतो, मग का ते. वाचताना घाबरू नका, सगळे ठणठणीत आहोत.

आम्ही धनत्रयोदशीला रात्री निघायचो ते यंदा पाडव्याला सकाळी निघू. फराळाचे चौदा डबे होणार नाहीत, चारच होतील. लाडू आणि करंज्या खालच्या गल्लीतल्या ताईंकडे सांगितल्यात. त्या तुपातच करतात, मी चव घेऊन आलोय. आणि भाऊबीजेला मेधा ओवीला घेऊन माहेरी जाईल ती चार दिवस राहूनच येईल. दरवर्षी आपण संध्याकाळी तासभर जाऊन ओवाळून परत फिरतो, तसं नाही. मी तुमच्याजवळच राहीन. तेव्हा घर रिकामं वाटणार नाही, उलट माझ्याच कटकटीला कंटाळाल.

हे मेधाने सुचवलेलं नाही. तिने काहीच म्हटलं नाही, आणि तीच तर गोष्ट आहे.

आज अनारसे तळायचे होते. आई, तुला मी काय सांगू, तांदूळ तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी पंच्यावर सावलीत पसरायचा, दमट असतानाच दळायचा. पण हे सगळं माझ्या घरात होत होतं आणि मला त्यातलं एवढंच दिसलं होतं की गॅलरीत पंचा पसरलाय, तिथे पाय देऊ नये. पाणी ती पहाटे बदलायची, साडेसातची लोकल गाठायच्या आधी. गूळही तिने असाच एका पहाटे किसून पिठात मळला, गोळे करून डब्यात ठेवले. आज पाचवा दिवस.

ऑफिसातून ती साडेसातला आली. मी नऊला जेवलो. भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणालो, ते लिहिताना आत्ता लाज वाटतेय. मग बाहेर आकाशकंदिलाच्या काड्या चिकटवत बसलो. ते माझं खातं. ओवी माझ्या शेजारीच खळीच्या वाटीत बोटं बुडवून झोपी गेली.

अकराच्या सुमारास आतला चर्र आवाज एकदम बदलला. मी बसल्या जागेवरून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. अनारसे हसले." आणि मी, आई, "हं" म्हणून पुन्हा काड्या चिकटवायला लागलो. जरा वेळाने पाणी प्यायला उठलो तेव्हा दारातच थांबलो.

कढईत अनारशांचा नुसता गाळ झाला होता. जाळी पडायच्या आतच विरघळून तुपात पसरले होते. ती झाऱ्याने तो गाळ काढून ताटलीत ठेवत होती, अगदी सावकाश. तिच्या मनगटावर ऑफिसला घालते ते घड्याळ तसंच होतं आणि त्याच्या काचेभोवती पीठ बसलं होतं. साडेसातपासून तिला घड्याळ काढायलाही सुचलं नव्हतं. ओट्याच्या कडेला तिचं ताट झाकून ठेवलेलं, वर भाताची वाटी. आणि तिची उजवी टाच सिलिंडरच्या खालच्या कड्यावर घट्ट दाबलेली होती.

ती टाच मी ओळखली. तू चुलीपासून उठून उंबऱ्याच्या कडेला अशीच टाच दाबून उभी राहायचीस. आम्ही पाटावर बसलेलो, बाबा पडवीत पेपर वाचत, आणि तू उंबऱ्यात. मला लहानपणी वाटायचं, ती तुझी उभी राहायची तऱ्हा आहे. शाळेत एकदा तुझी नक्कल करताना मी तसाच उभा राहिलो होतो आणि सगळे हसले होते, तूसुद्धा. दुखतं म्हणून माणूस तसं उभं राहतं हे मला आज, बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मी विचारलं, "पाय दुखतोय का?" ती म्हणाली, "नाही रे, गूळ जास्त पडला. सहा वाट्यांना सहाच घालायचा, सातवी कधी पडली कळलंच नाही." तिची मापं कधी चुकत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तू तिच्या हातात वाटी दिली होतीस, तीच वाटी अजून वापरते. मी गॅस बंद केला आणि तिला हाताला धरून खाली बसवलं. वाद घातला नाही तिने. भिंतीला टेकली, पाय लांब केले, गार भात कालवला आणि विचारलं, "कंदील झाला का?"

पुढचं ऐकून तू हसशील. हसलेला अनारसा कसा सावरायचा हे मला आठवत होतं, कारण तू ते दरवर्षी मोठ्याने म्हणायचीस, जणू पिठालाच दम देत्येस. मी उरलेल्या गोळ्यांपैकी निम्मे घेतले, त्यात मूठभर कोरडं तांदळाचं पीठ मळलं, एक तळून पाहिला. तोही विरघळला. आणखी अर्धी मूठ घातली. दुसरा कडेने फुटला पण मध्ये टिकला. मागून आवाज आला, "गॅस बारीक ठेव. उलटू नकोस, वर झाऱ्याने तूप उडव." रात्रभरात तिने मला केलेली सूचना ती एवढीच. तिसऱ्याला जाळी पडली. मी वळून दाखवायला गेलो तर ती भिंतीला टेकूनच झोपलेली, हातात रिकामी वाटी. घड्याळ मी काढलं. त्याखाली पट्ट्याचा खोल वळ होता.

अकरा अनारसे निघाले. चाळणीत उभे लावून तूप निथळवलं, तुझ्यासारखं. एवढ्यालाच माझी कंबर धरली. शेजारी चकल्यांच्या भाजणीचा डबा होता, त्याच्याखाली तिची यादी. चौदा नावं. त्यात पाटील काकू आहेत, ज्या दोन वर्षांपूर्वी बंगळूरला लेकाकडे गेल्या. तुमच्या वेळच्या यादीत होत्या म्हणून आमच्याही राहिल्या. कुणी खोडायचं?

आई, तू रोज रात्री फोन करून विचारतेस, "अनारसे झाले का?" त्यात तुझी माया असते, मला कळतं, तिलाही कळतं. ती "होतायत आई" म्हणते तेव्हा खरंच होत असतात. पण आता ते मला विचारत जा. तुझं काही चुकलं असं मनात आणू नकोस. तू हे सगळं चुलीवर, पाच माणसांच्या घरात, विहिरीचं पाणी ओढून केलंस. ते कुणी पाहिलं नाही, मीही नाही, आणि आता मागे जाऊन पाहता येत नाही.

बाबा, तुम्हाला कात्रणं आवडतात म्हणून एक आकडा देतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आणि हा साधा दिवस, दिवाळी नव्हे. मी आमच्या घरातला आकडा काढायला घेतला आणि आकाशकंदील धरूनही ८८ भरेनात. तुमच्यावर रोख नाही. तुम्ही डबल ड्युटी करून पहाटे यायचात, कारीट फोडायला तेवढे उठायचात आणि पुन्हा डोळे मिटायचात. पण आता निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, बाबा. आई ओट्याशी किती वेळ उभी आहे ते जरा पाहत जा. विचारू नका, "काही नाही" असंच म्हणेल. टाच पाहा.

आता ऐका, दोघांनीही. आईने अनारशांचा तांदूळ भिजत घातला असेल तर त्याचे घावन करून टाका. मला माहीत आहे, आमचे नाहीत म्हटल्यावर तू स्वतः करायला घेशील. नाही करायचे. पितळी परात माळ्यावरून काढायची नाही, मी आल्यावर काढीन. सोऱ्या दाद्याच्या पिशवीत परत पाठव म्हणजे मोहच नको. भाजायचं काही असेलच तर टेबलावर शेगडी घेऊन खुर्चीत बसून भाजायचं. बंबाला लाकडं घालायला गड्याला पैसे दिलेत, त्याला घालू द्या. बाबांनी शंकरपाळे मोजून दोन, आणि बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, फराळानंतर आठवेपर्यंत ठेवायची नाही. महिन्याच्या गोळ्या पिशवीत वेगळ्या बांधल्यात. आईच्या गुडघ्याचा पट्टा नवा आहे, जुना फेकून द्या, जपून ठेवू नका.

उटणं, तेल, कारीट सगळं दाद्याबरोबर पाठवतोय, फक्त अंगणातली तुळस सारवून ठेवा. तेसुद्धा नको, मी येऊन सारवीन. पहिल्या अंघोळीला यंदा आम्ही नसू याचं मला तुमच्याहून जास्त वाईट वाटतंय. बाबा, कारीट तुम्हीच फोडा, डाव्या अंगठ्याने, आणि "गोविंदा" जरा मोठ्याने म्हणा, म्हणजे आईला आत ऐकू जाईल. पाडव्याला दुपारी जेवायला आहोत. वरण-भात पुरे. खरंच पुरे, आई.

मेधा आत्ता आत झोपल्येय. उद्या तिने रजा टाकली नाहीये, मी टाकलीय. चकल्या मी पाडणार. ओवीला चकलीचं शेपूट दाबून बंद करायचं काम दिलंय.

डब्यात अकरापैकी नऊ अनारसे आहेत. कडेने फुटलेला माझा दुसरा, तो आधी खा. उरलेल्या निम्म्या गोळ्यांत अजून गूळ जास्तच आहे. त्यांचं काय करायचं ते मला फोनवर सांग. रात्री नऊनंतर, आणि माझ्याच नंबरवर.

तुमचा,
राजू