तुझी असाइनमेंट वाचली, मनू

मनू,

काल फोनवर तू म्हणालीस की आई मला प्रत्येक गोष्टीत शिकवू नकोस, मी आता फर्स्ट इयरला नाहीये, आणि फोन ठेवलास. बरोबर आहे तुझं. म्हणून लिहितेय, लिहिलेलं निदान अर्धवट तोडता येत नाही. बाबा म्हणाले दोन ओळीत संपव. बघू.

सिझर झालेल्या बाईच्या काळजीवरची असाइनमेंट चांगली झालीय, खरंच. जखमेचा भाग तर मी दोनदा वाचला. ड्रेसिंगवर डाग दिसला तर पेनाने त्याच्या कडेने रेघ मारून वेळ टाकायची हे तू लिहिलंयस, आमच्या वेळी हे आम्हाला वॉर्डमधल्या सिस्टरने हाताला धरून शिकवलं होतं. तू स्वतः लिहिलंस हे बघून बरं वाटलं. पण तुझी केस वाचून मला झोप लागली नाही गं.

तू लिहिलंयस, "ड्रेसिंग कोरडं, पॅडवर रक्त कमी, पेशंट स्टेबल." आणि खालीच तुझ्या चार्टमध्ये आकडे आहेत. १:५० ला पल्स ८४, बीपी ११८/७६. २:०५ ला ९२ आणि ११४/७४. २:२० ला १०४ आणि ११२/७२. २:३५ ला ११६ आणि १०८/७०. प्रत्येक आकडा एकेकटा बघितला तर कुणी घाबरणार नाही, बीपी तर छानच आहे. पण ओळीने वाच ना. पल्स चढतेय, बीपी हळूच उतरतंय. तरुण बाईचं शरीर खूप वेळ बीपी धरून ठेवतं, रक्तवाहिन्या आवळून घेतं, हृदय जोरात पळवतं, आणि मग एकदम सोडून देतं. म्हणून पल्सला वरच्या बीपीने भागायचं. २:२० ला १०४ भागिले ११२, म्हणजे ०.९ च्या वर गेलं. तिथेच हाक मारायची होती, २:३५ ची वाट न बघता.

तुझ्यावर ओरडत नाहीये. सिस्टरांनी २:३५ ला चादर उचलून बघितलं हे तूच लिहिलंयस, फक्त एका ओळीत, आणि ती ओळच तुझी खरी केस आहे. बाई उताणी झोपलेली, कमरेखाली स्पायनलच्या भुलीमुळे बधिर, तिला ओलं झालेलं कळतच नाही. रक्त पॅडवर थांबत नाही, खाली पाठीकडे वाहतं आणि अंडरपॅडमध्ये मुरतं. वरून पॅड बघून "कमी" लिहिणं म्हणजे काहीच न बघणं. कुशीवर वळवायचं, ढुंगणाखाली हात घालायचा, भरलेलं सगळं काट्यावर ठेवायचं, कोरड्याचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. तुझ्या पेशंटचं ७०० आलं, ऑपरेशन थिएटरमधलं ५०० आधीच गेलेलं, म्हणजे १२००. हजारच्या पुढे गेलं की तो पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव, सिझर असलं तरी. हा हिशोब असाइनमेंटमध्ये मांड, बेरजेसकट.

आणि पोटाला हात. मनू, पोटाला हात लाव. सिस्टरांना गर्भपिशवी बेंबीच्या दोन बोटं वर, मऊ आणि उजवीकडे सरकलेली लागली. घट्ट पिशवी कपाळाला बोट लावल्यावर लागतं तशी लागते. मऊ लागली म्हणजे ती आकसलेली नाही, वार जिथे चिकटली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्याच. उजवीकडे सरकलीय म्हणजे आधी लघवीचा विचार करायचा, भरलेलं मूत्राशय पिशवीला ढकलतं आणि आकसू देत नाही. युरोबॅगमध्ये तासाला ३० मिलीसुद्धा नव्हतं आणि तू लिहिलंस "युरिन कमी". नळी मांडीखाली दबली होती! मोकळी केल्यावर ४५० आलं. लघवी कमी दिसली की आधी नळी बोटाने शेवटपर्यंत चाचपायची, वाकलेली नाही ना, आणि नळी मोकळी असूनही कमी असेल तर रक्त कमी पडतंय असं समजायचं. मग पिशवीला मसाज केल्यावर रक्ताच्या गाठी पडल्या, डॉक्टर आले, ऑक्सिटोसिनची ड्रिप, रक्त थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम. ते तीन तासांच्या आत द्यायचं असतं म्हणून रक्तस्राव कधी सुरू झाला ती वेळ लिहिणं महत्त्वाचं. मसाज करताना टाक्यांवर दाब नको, वरच्या बाजूने, आणि तिला आधी सांगून.

असंही होतं की खालून काहीच जात नाही आणि रक्त पोटात साठतं. पल्स चढते, पोट फुगत जातं, खांदा दुखतो. तेव्हा तुझ्याकडे फक्त पल्सच असते.

हे मी लिहिणार नव्हते. जखमेबद्दल लिहायला बसले होते. पण मावशीच्या वेळी पण सगळे म्हणत होते टाके छान आहेत, आणि मी तिथे नातेवाईक म्हणून उभी होते, युनिफॉर्ममध्ये नव्हते, तरी मीच चादर उचलली. तुला माहितीय ते. आजीने नंतर कधी तो विषय काढू दिला नाही. सॉरी, तुझ्या असाइनमेंटशी याचा संबंध नाही.

मोबिलिटीचं तू "सहा तासांनी उठवावे" एवढंच लिहिलंस. घड्याळाने नाही गं, पायांनी ठरव. दोन्ही पाय उचलता येतायत का, गुडघे ताठ होतायत का, मग बसव, पाय खाली सोडून थोडं थांब, चक्कर विचार, आणि पहिल्यांदा उभं करताना बाजूला दोघी हव्यात. उठताना कुशीवर वळून हाताने रेटा द्यायचा म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. पहिल्यांदा उभी राहिली की अंगावरून भळकन जातं, योनीत साठलेलं असतं ते, बाई घाबरते. ते थांबलं तर ठीक. जातच राहिलं तर परत झोपव आणि परत पोटाला हात. बघ, मी परत तिथेच आले. एका पायाची पोटरी दुखली किंवा सुजली तर चोळू नको, सांग लगेच.

बाळाचं तू सुंदर लिहिलंस, तिथे मला तू दिसलीस. तू पण सिझरचीच, तुला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा माझे पाय मला कुणा दुसऱ्याचे वाटत होते आणि तू डोळे उघडून बघत होतीस, सारखी. एवढं त्यात टाक की बाळ ओढायला लागलं की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं आणि पिशवी आकसते, पोटात कळ येते ती त्याचीच, म्हणून अंगावर लवकर पाजणं रक्तस्रावालाही मदत करतं. पण त्यावर विसंबून मसाज किंवा ड्रिप सोडायची नाही. बाळ बगलेत धरायला शिकव म्हणजे पाय टाक्यांवर लागत नाहीत. आणि आई गुंगीत असेल तर तिला बाळासोबत एकटी सोडू नको, बाळाचं नाक दिसलं पाहिजे, मान सरळ पाहिजे.

जखम लाल होणं, पाणी येणं, ३८ सेल्सिअसच्या वर ताप हे बहुतेक चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुढे, तेव्हा ती घरी गेलेली असते, म्हणून डिस्चार्जच्या वेळी सांगायचं, हे तुझं बरोबर आहे. ते असू दे तसंच.

रागावू नकोस. तू माझ्यापेक्षा चांगली नर्स होणार आहेस हे मी बाबांना रोज सांगते, तुला सांगत नाही. दादाला पार्सल पाठवलंय तुझं, त्याच्याकडून घे.

चार्टमध्ये २:३५ नंतरच्या पल्स दिसल्या नाहीत. ड्रिप सुरू झाल्यावर दर १५ मिनिटांनी किती होत्या? घेतल्या असतील तर असाइनमेंटमध्ये टाक, आणि मला पण पाठव, ती बाई कशी सावरली ते बघायचंय मला.

आई