आमच्या आशाताईंना, बाळाच्या थंडीतल्या पहिल्या दीड महिन्याबद्दल

ताई, तुम्ही घरी आलात की चहा पण न घेता पुढच्या घरी निघायचात, त्यामुळे बोलायचं राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितेय, म्हणजे ज्यांच्या घरी आता थंडीत बाळ येणार आहे त्यांनाही वाचता येईल.

निफाडची जानेवारीतली थंडी काय असते हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पहाटे पारा पार खाली येतो, द्राक्षाच्या बागांत लोक शेकोट्या पेटवतात मणी वाचावेत म्हणून. अशा दिवसात आमची छकुली आली, २ किलो ३०० ग्रॅमची. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे अंगावर चरबी कमी, त्यात एवढ्याशा बाळाला आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करता येत नाही, आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं म्हणून उष्णता तिथून भराभर जाते. दवाखान्यातून निघताना टोपी काढू नका, बाळाला उबदार ठेवा एवढं सांगितलं होतं. पण उबदार म्हणजे किती हे तुम्ही शिकवलंत, आणि कुठे थांबायचं ते पण.

सातव्या दिवशीची तुमची भेट मला अजून जशीच्या तशी आठवते. खोलीच्या खिडक्या बंद, हीटर चालू, बाळाच्या अंगात झबलं, त्यावर स्वेटर, लोकरीचं टोपडं, त्यावर कुंची, दुपट्यात गुंडाळून वर गोधडी. बघायला येणारी प्रत्येक बाई आपल्या मायेने एकेक वस्तू चढवून जायची, आणि थंडी तर खरंच होती. तुम्ही आधी हात धुतलेत, तळहात चोळून कोमट केलेत, मग बोटं तिच्या मानेच्या मागे घातलीत. मान ओली होती, केस चिकटलेले, गाल लाल, श्वास जरा भरभर. काखेत थर्मामीटर लावून दंड अंगाशी धरून ठेवलात, बीप वाजेपर्यंत. ९९.९ आलं. सासूबाई घाबरून म्हणाल्या ताप आला, दवाखान्यात न्यायचं का. तुम्ही शांतपणे गोधडी, कुंची, लोकरीचं टोपडं नि स्वेटर काढलंत, हीटर बंद करून दार थोडं उघडलंत, झबलं, पातळ सुती टोपी नि एक दुपटं एवढंच ठेवलंत आणि मला म्हणालात, पाजायला घे. अर्ध्या तासाने परत बघितलंत तर ९८.६, आणि ती छान ओढून दूध पीत होती.

त्या अर्ध्या तासात तुम्ही जे बोललात ते मी नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. काखेतलं ९७.७ ते ९९.५ ठीक. कपडे कमी करून अर्ध्या तासात उतरलं नाही, किंवा बाळ ओढून पीत नाही, मलूल आहे, तर मग कपड्यांमुळे असेल म्हणत घरी बसायचं नाही, एवढ्या लहान बाळाचा ताप म्हणजे लगेच दवाखाना. आणि जास्त गरम झाल्याने नुसती घामोळं येत नाहीत, झोपेतच बाळ दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून झोपताना तोंडावर, डोक्यावर पांघरूण नाही, अंगाशी गरम पाण्याची पिशवी नाही, मऊ उशी नाही. हे तुम्ही सासूबाईंचा हात हातात घेऊन सांगितलंत म्हणून त्यांना लागलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायचा त्यांचा हट्ट होता, तो पण तुम्ही तसाच सोडवलात. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आई नि बाळ दोघं झोपेत सापडतात. दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेगडी ओट्यावर नेऊन ठेवली.

उलटी वेळ पण आलीच. एका पहाटे लाइट गेली, हीटर बंद पडला आणि तिची पावलं गार लागली. तुम्ही शिकवलं होतं तसं हाताच्या मागच्या बाजूने आधी पोट बघितलं नि मग पावलं. पोट नि पावलं दोन्ही कोमट असली तर बाळ बरं आहे, पोट कोमट पण पावलं गार असली तर बाळाला थंडी वाजतेय, दोन्ही गार तर उशीर न करता दवाखाना, तो पण छातीशी धरूनच. पोट कोमट होतं. लंगोट ओला होता तो आधी बदलला, कारण ओलं कापड सगळ्यात जास्त गारवा देतं, मग टोपडं नि पायमोजे घालून तिला माझ्या उघड्या छातीवर उभी धरली, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून आम्हा दोघींना शाल. नवरा शेजारी जागा बसला होता, मला डुलकी लागू नये म्हणून. पाजत राहिले. तासाभरात पावलं कोमट झाली, आणि दिवस उजाडेपर्यंत मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

कपड्यांचा तुमचा हिशोब पण सोपा होता. आपल्याला त्या खोलीत जेवढं लागतं त्याच्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, बास. जाड स्वेटर एक घालण्यापेक्षा पातळ दोन बरे, मधली हवा ऊब धरते, आणि गरम झालं तर एक काढता येतो. अंगाला लागून सुतीच, लोकर त्याच्यावर, नाहीतर पुरळ येतं. टोपीचं तुम्ही दवाखान्याचं मोडलं नाहीत, फक्त खोली उबदार असली की लोकरीची काढून पातळ सुती घाला म्हणालात, आणि वजन अडीच किलोच्या वर गेल्यावर, घरात झोपताना ती पण काढा, डोक्यातून जादा उष्णता बाहेर पडू दे, शिवाय टोपी सरकून नाकावर येते. बाहेर पडताना मात्र कान झाकलेच पाहिजेत.

दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा हे नीट कळलं. घरून निघताना तिला झबलं, स्वेटर, टोपडं, कुंची सगळं होतं, गार वारा सुटलेला. जीपमध्ये माणसं कोंबून भरलेली, काचा बंद, दहा मिनिटात मानेला हात लावला तर दमट. कुंची काढली, टोपडं काढलं, उतरायच्या आधी परत घातलं. शेजारची आजी म्हणाली, अगं गारठेल पोर. मी त्यांना मानेला हात लावून बघायला सांगितलं, त्यांनी बघितलं नि गप्प बसल्या.

त्या दिवशी केंद्रात तुम्ही वजन केलंत, ३ किलो ४०० भरलं, आणि तुमचं तोंड असं उजळलं की जणू तुमचीच लेक. ताई, त्या सगळ्या भेटींना तुम्ही धुक्यातून, स्कूटीवरून, बोटं गारठलेली घेऊन आलात, आणि बाळाला हात लावायच्या आधी दरवेळी ते चोळून कोमट केलेत. मनापासून आभार. माझी नणंद डिसेंबरात बाळंत होणार आहे, ती आमच्याकडेच येतेय, तिच्या पहिल्या भेटीला यायच्या आधी फोन करा, यावेळी चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.