कर्ज फेडायला मी चालते, घराच्या कागदावर का चालत नाही?

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

महिला दिनाच्या भाषणात आपण म्हणाला होता की गृहिणीच्या कामाची नोंद घेतली जाईल. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. परवा बँकेत ती नोंद माझ्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून हे पत्र.

आम्ही घर घेतोय. कर्जाचा अर्ज भरताना तिथल्या साहेबांनी माझ्याकडे न बघता माझ्या पतींना विचारलं, "मिसेस काही करतात?" हे म्हणाले, "नाही, घरीच असते." साहेबांनी माझ्या नावापुढे उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि लगेच कागद माझ्याकडे सरकवला. इथे सही करा, इथे, आणि इथे. सहकर्जदार म्हणून.

घरी येऊन मी कागद नीट वाचले. हप्ते थकले तर बँक पूर्ण कर्ज माझ्याकडूनही वसूल करू शकते. अर्धं नाही, पूर्ण. आणि खरेदीखताच्या मसुद्यात माझं नावच नाही! सहमालकाला सहकर्जदार व्हावंच लागतं, असा बहुतेक बँकांचा आग्रह असतो. पण सहकर्जदार झालेल्या बाईचं नाव घरावर लावा, असा आग्रह कोणी धरत नाही. म्हणजे देणं माझं, घर मात्र माझं नाही. यांना विचारलं तर म्हणाले, "पैसे तर माझ्याच बचतीतले आहेत ना?"

साहेब, ती बचत कुठून आली ते मला सांगू द्या. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागायची, रात्रीसुद्धा. मी बाराचा, दोनचा, चारचा गजर लावायची. टाचांखाली मऊ घडी ठेवायची, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, माकडहाडाजवळची कातडी लाल दिसते का ते रोज बॅटरी धरून बघायचं. लाली बोटानं दाबून पांढरी होत नसेल तर जखम सुरू झाली समजायचं, हे मला डॉक्टरांनी शिकवलं होतं. चार वर्षांत त्यांना एकही जखम झाली नाही. दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन आया ठेवल्या असत्या तर चार वर्षांचे त्यांचे पगार द्यावे लागले असते. ते द्यावे लागले नाहीत, यांच्या खात्यातच राहिले. त्याच पैशांना आज घरात "माझी बचत" म्हणतात, आणि घराची पहिली रक्कम त्यातूनच जाणार आहे.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाची सरासरी 289 मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष 88. आजारी माणसांची आणि मुलांची देखभाल त्यात धरलेली नाही, ती वेगळी. माझ्या संसाराला 22 वर्षं झाली. 289 मिनिटांनी हिशेब केला तर साडेअडतीस हजार तास होतात. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर सोळा वर्षांची पूर्ण नोकरी. आणि उत्तर काय, तर "घरीच असते".

किंमत लावता येत नाही असं कृपा करून सांगू नका. रस्ता अपघातात गृहिणी मेली तर न्यायालय तिच्या कामाचं उत्पन्न ठरवून भरपाई देतं. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते तत्त्व पुन्हा स्पष्ट केलं. जून 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालय म्हणालं की पतीच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत पत्नीच्या घरकामाचाही वाटा असतो. मग मी जिवंत असताना, माझ्याच घराच्या टेबलावर, तो वाटा मागायला मला कोर्टात का जावं लागावं? तुमची खाती, तुमचे अर्ज, तुमच्या समित्या, सगळीकडे काम म्हणजे पगाराची पावती. जिच्याकडे पावती नाही ती बाई आश्रित!

माझं मागणं एवढंच आहे. विवाहित जोडप्यातल्या एकाला सहकर्जदार केलं, तर खरेदीखतावर त्याचं नाव आहे का, नसेल तर का नाही, हे बँकेनं त्यालाच, एकट्याला बसवून, विचारावं आणि उत्तर लिहून घ्यावं. आणि अर्जातल्या त्या रकान्यात शून्य लिहू नये, "घरकाम, विनावेतन" असं लिहावं. घरात बोलताना लोक तेच शब्द उचलतात, साहेब. माझ्या मुलीनं कॉलेजच्या अर्जात आईचा व्यवसाय "काही नाही" असा लिहिला, तो तिच्या मनानं लिहिला नव्हता.

गुरुवारी बँकेत पुन्हा बोलावलंय. मी यांना सांगितलंय की खरेदीखतावर दोन नावं येईपर्यंत माझी सही मिळणार नाही. दोन दिवस घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. आपण उत्तर द्याल तर गुरुवारच्या आत द्यावं.

आपली,
एक गृहिणी