एका कान्याचा फरक

ढाका, शुक्रवार रात्र

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी सहज म्हटलं, "ऑफिसातून आले की खाली आड्ड्यावर बसते," आणि बाबा, तुम्ही एकदम गप्प झालात. साहजिक आहे. आपल्याकडे अड्डा म्हटला की तो जुगाराचा नाहीतर दारूचा, फार तर टांग्यांचा. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून आज सुट्टीचा दिवस धरून लिहायला बसले. इथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते.

शब्द मुळात तोच आहे. फक्त बंगाली माणूस तो काना देऊन 'आड्डा' असा म्हणतो. जुगाराचा आड्डा बंगालीतही असतोच. पण नुसतं 'आड्डा' म्हटलं की बसायची जागा, तिथे रोज येणारी माणसं आणि त्यांच्यात चाललेलं बोलणं, हे तिन्ही एका शब्दात येतं. आपण जागेला पार म्हणतो, माणसांना मंडळी आणि बोलण्याला गप्पा. कोलकात्यात आड्डा बहुतेक 'मारतात', जशा आपण गप्पा मारतो. ढाक्यात मात्र तो बहुतेक 'देतात'. मला हे देणं फार आवडलं, कारण तिथे खरंच प्रत्येकाला आपल्याजवळचं काहीतरी द्यावं लागतं.

आणि आड्डा म्हणजे नुसत्या चकाट्या, असं मात्र समजू नका. त्याला बंगालीत वेगळे शब्द आहेत. बिनकामाच्या बडबडीला 'गुलतानी' म्हणतात. मोठमोठ्या बाता ठोकणाऱ्याला म्हणतात, हा बसल्या जागी राजे आणि वजीर मारतोय. लोकांच्या उखाळ्यापाखाळ्यांना 'परनिंदा-परचर्चा' हा आपल्याला सहज कळणारा शब्द आहे. या सगळ्या गोष्टी आड्ड्यात येऊन जातात, पण तेवढंच उरलं तर लोक म्हणतात, आज आड्डा जमला नाही. हे 'जमणं' आपल्या मैफलीसारखंच.

आमचा आड्डा इमारतीखालच्या चहाच्या टपरीवर असतो. अशा टपरीला इथे 'टाँग' म्हणतात. दोन बाकडी, पत्र्याचं छप्पर, आणि बिनदुधाचा, आलं घातलेला लालसर 'रंग चा'. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर, विजेच्या सामानाचा दुकानदार, बँकेत नवीन लागलेला एक मुलगा आणि छापखान्यात मुद्रितं तपासणारे एक काका, एवढे रोजचे. मास्तर आमचे 'आड्डाधारी'. म्हणजे अध्यक्ष नव्हे. ते बोलतात सगळ्यांत कमी. पण ते नसले की बाकीचे चहा पिऊन उठतात.

गेल्या महिन्यातली एक संध्याकाळ सांगते. सुरुवात इलिश माशाच्या भावावरून झाली. बँकेतला मुलगा म्हणाला, व्यापारीच भाव चढवतात. दुकानदार मूळचा चांदपूरकडचा, मेघनेच्या काठचा. तो म्हणाला, तसं नाही, मासा समुद्रातून नदीत वर चढतो तो अंडी घालायला, आणि अंडी घालू दिली नाहीत तर पुढच्या वर्षी भावच काय, मासाही राहणार नाही. म्हणून ऑक्टोबरात, आपल्या कोजागिरीच्या सुमारास, 22 दिवस इलिश पकडायला बंदी असते. मग मुद्रितवाले काका म्हणाले, मासा वाचतो हे खरं, पण त्या 22 दिवसांत कोळ्याची चूल कशी पेटते? दुकानदार म्हणाला, सरकार प्रत्येक घराला 25 किलो तांदूळ देतं. मास्तर तोवर मुरमुऱ्यांत कांदा, मिरची आणि मोहरीचं तेल कालवत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "भात खाशील, पण सावकाराचा हप्ता तांदळात देशील का?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. मुरमुऱ्यांचा कागद फिरला आणि मग बोलणं जाळ्यांवर गेलं. जाळ्याचं भोक केवढं असावं, एक वीत भरणार नाही एवढ्या लहान इलिशला 'जाटका' का म्हणतात, तो बाजारात येतो तो नेमका कुणाच्या घरी शिजतो. शेवटी बंदी बरोबर की चूक हे ठरलं नाहीच. ठरवायचंही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुकानदार गावी फोन करून आला होता. त्याच्या चुलत्यावर खरंच होडीचं कर्ज होतं आणि ते त्यानं आजवर विचारलंच नव्हतं. तिथून पुढे दोन संध्याकाळी आमचं बोलणं कर्जावरच चाललं.

आड्डा मोडतो कसा, तेही पाहिलं. एकदा बँकेतल्या मुलाचा मित्र आला. चांगला बोलत होता, पण अर्ध्या तासानं त्यानं पिशवीतून विम्याचे कागद काढले. कुणी त्याला टोकलं नाही. फक्त मास्तरांनी चहाचे पैसे किती झाले ते विचारलं, आणि सगळे उठले. कुणाकडून काही मिळवायचं म्हणून बसलेला माणूस तिथे टिकत नाही. हातात पाणी धरावं तसं ते बोलणं असतं, मूठ आवळली की गेलं.

पुढचं वाचून आईला राग येईल, तरी लिहिते. हे सगळं पुरुषांनी स्वतःसाठी मांडलेलं आहे. कोलकात्याच्या जुन्या घरांना रस्त्याकडे ओटा असतो, त्याला 'रोवाक' म्हणतात. पुरुष तिथे तासन्‌तास बसत आणि चहा आतून येई. मीही पहिले काही दिवस टपरीशी उभीच राहिले. मग एकदा मास्तर न बोलता बाकावर सरकले आणि मी बसले. मास्तरांच्या बायको मात्र आजही खाली येत नाहीत. विद्यापीठाच्या भागात आता मुली मुलांच्या बरोबरीनं बसतात, आमच्या गल्लीत अजून नाही.

मागच्या शुक्रवारी मुद्रितवाले काका मला जुन्या ढाक्यात बांगलाबाजारला घेऊन गेले. पुस्तकवाल्यांची वस्ती. तिथल्या श्रीश दास लेनमध्ये 'ब्यूटी बोर्डिंग' नावाची पिवळी, अंगणवाली खानावळ आहे. शम्सुर रहमान, सय्यद शम्सुल हक हे कवी-लेखक तरुणपणी तिथे आड्ड्याला बसत. 28 मार्च 1971 ला पाकिस्तानी सैन्यानं तिथे मालक प्रल्हाद साहा आणि आणखी 16 जणांना मारलं. त्याच्या दोन दिवस आधी विद्यापीठातल्या कँटीनचे मधुसूदन दे मारले गेले होते. मुलं त्यांना 'मधुदा' म्हणत, आणि बंगाली भाषेसाठी झालेल्या आंदोलनापासूनची विद्यार्थ्यांची खलबतं त्यांच्या बाकांवर चालत. एक खानावळवाला, एक कँटीनवाला. त्यांनी लोकांना नुसती बसायला जागा दिली होती. आम्ही अंगणात भात खाल्ला, आणि काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाबा, मास्तरांनी तुम्हाला एक विचारलं आहे. आपल्या पारावर तुम्ही पाच-सहा जण रोज बसता, त्या बसण्याला मराठीत एकच शब्द कोणता? मी कट्टा, फड, चावडी, बैठक, मालवणातली गजाल, सगळं सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी ते म्हणाले, जवळचा आहे, पण जागा, माणसं आणि बोलणं तिन्ही येत नाहीत. तुमच्या मंडळींना विचारून कळवा. मी पुढच्या शुक्रवारी सांगते असं म्हणून आले आहे.

आईच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिहा.

तुमची,
धाकटी