झोपायची वेळ कोणी ठरवायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक अपंग दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी वाचली. अर्ध्या पानांवर दात्यांचे फोटो होते आणि उरलेल्या पानांवर ‘दया नको, हक्क हवा’ ही घोषणा. घोषणेला माझी हरकत नाही. पण हा बदल कोणी घडवला आणि नेमका कशावरून भांडून, याबद्दल पुरवणीत एक ओळही नव्हती. चळवळीत नव्याने येणाऱ्या तरुण मंडळींशी माझा बराच संबंध येतो. त्यांना कायद्याची कलमे तोंडपाठ असतात, पण कलमांच्या आधीचे भांडण माहीत नसते. म्हणून ब्रिटनमधली एक हकीगत कळवते.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू दुबळे करत नेणारा आजार असलेला पॉल हंट हा तरुण १९५६ साली हॅम्पशरमधल्या ‘ले कोर्ट’ या निवासी संस्थेत राहायला आला. लेनर्ड चेशर या बॉम्बफेकी विमानांच्या माजी वैमानिकाने उभी केलेली ही धर्मादाय संस्था होती. तिथल्या रहिवाशांची व्यवस्थापनाशी भांडणे कशावरून होत? झोपायला किती वाजता जायचे, कोणाला न सांगता बाहेर पडता येईल का, हवी तर दारू पिता येईल का, स्त्री-पुरुषांनी एकमेकांत मोकळेपणी मिसळायचे का, यावरून. वरवर पाहता किरकोळ गोष्टी. पण मोठ्या माणसाची झोपायची वेळ दुसऱ्याने ठरवली, की त्याच्या आयुष्यात त्याने स्वतः ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही, हे तिथल्या लोकांनी ओळखले होते.

आपली बाजू कोणीतरी शास्त्रशुद्ध मांडावी म्हणून रहिवाशांनी स्वतःहून संशोधकांना बोलावणे धाडले. टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे एरिक मिलर आणि जेराल्डीन ग्विन यांनी अभ्यास केला आणि १९७२ साली त्यावर पुस्तक काढले. त्यात म्हटले होते की समाजाने या माणसांना जिवंतपणीच मृत ठरवले आहे आणि या सामाजिक मृत्यूपासून शारीरिक मृत्यूपर्यंतचा काळ पार पाडून देणे हेच अशा संस्थांचे काम. मग ते काम जास्त समंजसपणे कसे करावे, याच्या सूचना. संशोधक दुष्ट नव्हते, उलट त्यांना कळवळा होता. पण माणसांना वेगळे कोंडून ठेवणे त्यांनी गृहीत धरले आणि त्या चौकटीत राहून ‘दोन्ही बाजू’ तोलल्या. ज्यांनी बोलावले त्यांच्याच विरोधात अहवाल गेला. हंट या तटस्थपणावर पुढे कडाडून तुटून पडला, आणि माझ्या मते त्याचे बरोबर होते. तज्ज्ञाला बोलावताना त्याची पदवी पाहण्यापेक्षा तो काय गृहीत धरून चालला आहे ते आधी विचारावे.

त्याच वर्षी, २० सप्टेंबरला, ‘द गार्डियन’मध्ये हंटचे पत्र आले. अशा संस्थांत राहणाऱ्या आणि उद्या राहावे लागू शकेल अशा लोकांनी आपले म्हणणे आपणच मांडण्यासाठी संघटना काढावी, असे त्यात होते. त्यातून ‘युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’, म्हणजे शारीरिक उणीव असलेल्यांची, वेगळे कोंडून ठेवण्याविरुद्धची संघटना उभी राहिली. तिची पहिली दोन वर्षे मोर्चात नाही, टपालात गेली. बरेच सभासद संस्थांतच राहत होते, उघड बोलणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून गोपनीय परिपत्रके फिरत आणि त्यांत वाद झडत. धोरण ठरायला १९७४ चा डिसेंबर उजाडला. धडधाकट माणसांना सहयोगी सभासद होता येई, पण मत देण्याचा अधिकार फक्त अपंगांना होता.

खरी वैचारिक झुंज झाली ती २२ नोव्हेंबर १९७५ च्या बैठकीत, आणि तीही मित्रपक्षाशीच. गरिबीचे अभ्यासक पीटर टाउनसेंड यांची ‘डिसॅबिलिटी अलायन्स’ सर्व अपंगांना सरकारने अपंगत्वाच्या प्रमाणात उत्पन्न द्यावे अशी मागणी करत होती. ऐकायला यात वावगे काहीच नाही. युनियनने मात्र ती धुडकावली.

का, ते नीट पाहण्यासारखे आहे. अपंगत्वाच्या प्रमाणात पैसे द्यायचे म्हटले की आधी अपंगत्व मोजावे लागते. मोजायचे म्हणजे प्रश्नावली आली. अंघोळ जमते का, जिना चढता येतो का? जितके ‘नाही’ जास्त, तितके पैसे जास्त. म्हणजे हातात पैसे पडायला माणसाने आपले लुळेपण सिद्ध करायचे, आणि ते खरे की खोटे हे अधिकाऱ्याने ठरवायचे. इकडे कारखान्याच्या दाराशी पायऱ्या तशाच, बसमध्ये चढता येत नाही आणि मालक कामावर घेत नाही. युनियनचे म्हणणे असे, की गरिबी हे लक्षण आहे. मूळ रोग म्हणजे कामातून, प्रवासातून, घरांतून या माणसांना बाहेर ठेवणारी रचना. शरीरातली उणीव एक आणि तिच्यावर समाजाने लादलेले अपंगत्व दुसरे. हीच मांडणी पुढे मायकल ऑलिव्हर यांनी १९८०च्या दशकात ‘सामाजिक प्रारूप’ या नावाने रूढ केली.

युनियनने इथे जरा आडमुठेपणा केला असे मला वाटते. आज चूल पेटत नसेल त्याला रचना बदलेपर्यंत थांबा म्हणता येत नाही. पण तिने हाती दिलेली कसोटी आजही चालते. कोणतीही मागणी लिहिण्याआधी विचारावे, की हे मिळवायला माणसाला काय सिद्ध करावे लागेल आणि कोणापुढे? उतार बांधला तर त्यावरून जाताना कोणाला दाखला दाखवावा लागत नाही. भत्त्यासाठी लागतो. व्यक्तिगत मदतनीस हवा असेल तर गरज पाहावीच लागते, पण मग ती पाहणाऱ्यांत अपंग माणसे किती, यावर भांडावे.

त्या बैठकीचे आणखी एक सांगायला हवे, कारण नवे कार्यकर्ते इथेच फसतात. भेटण्याआधीच युनियनने अलायन्सकडून तत्त्वे मान्य करून घेतली होती. अपंगत्व सामाजिक कारणांनी येते, ते दूर करायचे तर उत्पन्न, प्रवास किंवा निवास असा एकच तुकडा सुटा धरता येणार नाही, आणि आपल्या आयुष्याचा ताबा अपंगांकडेच हवा. संभाषण ध्वनिमुद्रित केले आणि १९७६ मध्ये टीकेसह छापले. त्यामुळे तत्त्वाला ‘हो’ म्हणून प्रत्यक्षात जुनीच मागणी पुढे रेटली तर ते सगळ्यांना दिसत होते.

त्याच १९७६ साली युनियनचे केन डेव्हिस आणि त्यांची सहचरी मॅगी हे दोघे इंग्लंडमधल्या सटन-इन-अॅशफील्ड इथल्या ग्रोव्ह रोडवरच्या नव्या इमारतीत राहायला गेले. तळमजल्यावर अपंगांना सोयीचे फ्लॅट आणि वरच्या मजल्यावर लागेल तेव्हा मदत करायला तयार असलेली कुटुंबे. मॅगी त्याआधी संस्थेतच राहत होत्या. ‘इतक्या तीव्र अपंगत्वात संस्थेशिवाय गत्यंतर नाही’ असे म्हणणाऱ्यांना दाखवायला आता एक पत्ता झाला.

या मांडणीत कमतरताही होत्या. युनियन नावातच ‘फिजिकली’ घेऊन बसली होती, बौद्धिक अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेल्यांना तिच्यात जागा नव्हती. वेदना, थकवा यांचे काय, सगळेच काही पायऱ्यांमुळे होत नाही, हा सवाल १९९०च्या दशकात जेनी मॉरिस, लिझ क्रो यांसारख्या अपंग स्त्रियांनी केला. तो चळवळीच्या आतून आला, म्हणून बाहेरच्यांना ‘बघा, शेवटी प्रश्न शरीराचाच’ असे म्हणायची सोय राहिली नाही. पुढच्या वर्षी पुरवणी काढाल तेव्हा दात्यांचे एखादे पान कमी करून असा एखादा आतला वाद छापावा, ही विनंती.

आपली,
एक व्हीलचेअरधारी वाचक