पिवळं टाकून दिलेलं अंडं

धरमपेठ, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय नलू,

तुझ्या रिपोर्टचा फोटो काल रात्री पोहोचला. फोनवर बोलायला गेले तर तू मधेच 'जाऊ दे गं, थकवा आहे नुसता' म्हणून विषय बदलशील, हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच, आणि वाचून झालं की भाऊजींनाही वाचायला दे.

बी-१२ आलंय १४६. एककं पिकोग्रॅम आहेत, आणि साधारण २०० च्या खाली गेलं की कमतरता समजतात. हिमोग्लोबिन १२.४, म्हणजे चांगलं. तुझा प्रश्न त्यावरूनच आहे ना, की 'रक्त चांगलं आहे, रोज दोन अंडी खाते, मग हे कसं?' प्रश्न अगदी योग्य आहे. दोन वर्षांपूर्वी तू अंडी सुरू केलीस, तेव्हा 'आता बी-१२ ची काळजी मिटली' असं मीसुद्धा म्हटलं होतं. दवाखान्याच्या आहार विभागात इतकी वर्षं काढूनही मी तुला एक साधा प्रश्न विचारला नाही. अंडी खातेस म्हणजे नेमकं काय खातेस?

मागच्या महिन्यात तू मुक्कामाला होतीस तेव्हा सकाळी मी ओट्याशी उभी राहून बघत होते. तू उकडलेलं अंडं सोललंस, सुरीने मधोमध कापलंस, बोटाने पिवळा गोळा अलगद बाहेर काढलास आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलास. मग दुसऱ्या अंड्याचं तेच. पांढऱ्या वाट्यांवर मीठ-मिरपूड घालून खाल्लंस. कोणीतरी तुला कोलेस्टेरॉलची भीती घालून ठेवली होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

अगं, अंड्यातलं जवळजवळ सगळं बी-१२ त्या पिवळ्यातच असतं. कवच काढलेलं मोठं अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं आणि त्यात ०.४५ मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ सापडतं. गोकुळपेठच्या बाजारातल्या ट्रेमधली अंडी बऱ्याचदा याहून लहान असतात, त्यांच्यात त्या मानाने कमी. या ०.४५ पैकी पांढऱ्याच्या वाट्याला ०.०३ ते ०.०५ येतं, बस. म्हणजे दोन वर्षं तू प्रथिन खात होतीस, बी-१२ डब्यात जात होतं. आणि कवच तपकिरी आहे म्हणून जास्त, पांढरं आहे म्हणून कमी, असंही काही नाही. तो रंग कोंबडीच्या जातीचा. बलकात बी-१२ किती उतरेल ते तिच्या पोटात काय गेलं त्यावर ठरतं. हे जीवनसत्त्व कोंबडीही स्वतः बनवत नाही, झाडंही बनवत नाहीत, फक्त जिवाणू बनवतात.

आता तू म्हणशील, बरं, उद्यापासून पिवळ्यासकट खाते. खा, पण तेवढ्याने भागणार नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाची रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम धरतात. तोंडी हिशेब करणारा लगेच सांगतो, रोज पाच अंडी खा, झालं. पुस्तकं चाळून डाएट लिहून देणारेही हाच हिशेब करतात, आणि तो चुकतो. अंड्यात असणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं.

१९७५ साली अमेरिकेत डोशरहोल्मेन आणि सहकाऱ्यांनी हे थेट मोजलं होतं. किरणोत्सारी कोबाल्टची खूण असलेलं बी-१२ अंड्यात आणून ती अंडी माणसांना खायला दिली आणि किती शोषलं गेलं ते पाहिलं. उकडलेल्या आणि तळलेल्या अंड्यांतून सुमारे ९ टक्के आत गेलं. फेटून परतलेल्यातून तर ४ टक्क्यांच्याही खाली. त्याच पद्धतीने कोंबडीच्या मांसातून साठ टक्क्यांच्या वर जातं. कोंबडी तीच, पण तिच्या अंड्यातून इतकं कमी! मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच लोकांनी दाखवलं की अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन बी-१२ च्या शोषणात आडवं येतं.

तुझ्याच ताटाचा हिशेब मांडते. २.२ ची गरज धरताना साधारण निम्मंच शोषलं जाईल असं गृहीत असतं, म्हणजे शरीराला रोज प्रत्यक्ष हवं असतं १ मायक्रोग्रॅमच्या जवळपास. दोन अख्खी अंडी म्हणजे ०.९. त्याचे नऊ टक्के म्हणजे ०.०८. गरजेचा बारावा हिस्सा. त्या एकाच प्रयोगाचा आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणत नाही. पण शोषण दुप्पट धरलं तरी सहावा हिस्साच होतो. आणि तुझे दोन पांढरे? जवळपास काहीच नाही. तू काही चुकीचं वागत होतीस असं नाही गं, तुला आकडाच अर्धा सांगितला गेला होता.

मग अंडं खाणारे शाकाहारी सगळेच खंगतात का? नाही, कारण त्यांच्यातले बरेच जण दूधही पितात. २०० मिलिलिटर दुधात ०.९ च्या आसपास बी-१२ असतं, म्हणजे दोन अंड्यांइतकंच, पण दुधातलं निम्म्याहून जास्त अंगी लागतं. फार वेळ उकळत ठेवलं तर घटतं, म्हणून एक उकळी आली की गॅस बंद करावा. तुझं मात्र दूध सुटलंय. पोट फुगतं म्हणून चहा कोरा आणि दह्याची एक वाटी, तीही कधीमधी. आणि तू सात-आठ वर्षं रोज सकाळी रिकाम्या पोटी अॅसिडिटीची गोळी घेतेस, ही गोष्ट माझ्या मते अंड्याइतकीच महत्त्वाची आहे. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सुटं करायला जठरातलं आम्लच लागतं. सुटं झालं तर पुढे जठरातलंच एक वाहक प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला नेतं. आम्लच दाबलेलं असेल तर सुरुवातच अडते. ही गोळी मनाने बंद करू नकोस, पण डॉक्टरांना आठवणीने सांग. भाऊजींची साखरेची मेटफॉर्मिनसुद्धा बी-१२ कमी करते, त्यांचंही एकदा तपासून घ्या.

हिमोग्लोबिन चांगलं असल्याचा दिलासा मात्र घेऊ नकोस. बी-१२ कमी पडलं की रक्तपेशी मोठ्या होतात, रक्त उतरतं, हे खरं. पण आपल्या जेवणात डाळी आणि पालेभाज्या भरपूर, त्यांतलं फोलेट रक्ताची बाजू बराच काळ सांभाळून धरतं. नसांची बाजू ते सांभाळू शकत नाही. शिवाय यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे आजची कमतरता आज सुरू झालेली नसते. तू लिहिलंस की रात्री तळपायांना मुंग्या येतात आणि चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. आणखी एक गोष्ट आठव. सकाळी तोंड धुताना साबणासाठी डोळे मिटलेस की तोल जाऊन बेसिनला हात टेकवावा लागतो का? जमीन पायाला नीट कळेनाशी झाली की शरीर डोळ्यांच्या आधाराने उभं राहतं, डोळे मिटले की तो आधार जातो. डॉक्टर एक नादकाटा वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवतात आणि थरथर कळते का विचारतात. तुझी ही तपासणी झालेली नाही, ती करून घे.

आता काय करायचं ते. मनाने मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू करू नकोस, कारण दोन-चार गोळ्या पोटात गेल्या की रक्तातला आकडा चढतो आणि मग खरं किती खालावलं होतं ते कळत नाही. आधी होमोसिस्टीन तपासायचं का, ते डॉक्टरांना विचार. ते वाढलेलं निघालं तर पेशींनाही बी-१२ पुरत नाही, याला दुजोरा मिळतो. मुंग्या आहेत म्हणून बहुधा सुरुवातीला इंजेक्शनं देतील. भिऊ नको, काही आठवड्यांचं काम आहे. पण या कामात महिने काढू नकोस. रक्त लवकर सावरतं, नसांना वेळ लागतो, आणि फार उशीर झाला तर थोडं बधिरपण कायमचं राहू शकतं.

नंतर गोळी. तिच्यातलं बी-१२ सुटंच असतं, आम्लावाचून अडत नाही. वाहक प्रथिन एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलतं, पण मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का त्याच्याशिवायही आत झिरपतो. म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या एका गोळीतून दहाच्या आसपास मिळतात. उकडलेल्या अंड्यांतून तेवढं काढायचं म्हटलं तर अडीचशे अंडी लागतील.

अंडं सोडू नकोस. प्रथिनासाठी, चवीसाठी खा, आणि पिवळ्यासकट खा. बलकात कोलेस्टेरॉल असतं हे खोटं नाही, म्हणून तुझ्या लिपिडच्या रिपोर्टवरून रोज एक की दोन ते डॉक्टरांकडून ठरवून घे. श्रावण लागायला आठवडा उरलाय. तू महिनाभर अंडं शिवणार नाहीस, मीही नाही, आपल्या दोघींच्या सासरची रीत आहे. त्याने बी-१२ मध्ये काही फरक पडणार नाही हे आता तुला कळलंच असेल. फक्त गोळी 'उपासाची चालते का' म्हणून बंद ठेवू नकोस. त्यातलं बी-१२ जिवाणूंकडूनच बनवून घेतात, मांसातून काढत नाहीत. कॅप्सूल असेल तर वेष्टन जिलेटिनचं असू शकतं, म्हणून साधी गोळी माग आणि पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर तोही बघून घे.

तान्ह्या पोळ्याला नातवाला घेऊन येणार आहेस ना? त्याच्यासाठी लाकडी नंदी घेऊन ठेवलाय, शिंगं अजून रंगवायची आहेत. येताना जुने रिपोर्ट सगळे आण, तीन वर्षांपूर्वीचा तो पिवळ्या फाईलमधलाही. आणि बेसिनचं काय ते आज रात्रीच फोन करून सांग.

तुझी,
सुमन