बेडूक गेले आणि अळी आली

संपादक साहेब, आमच्या शेजारच्या शेतकरी काकांच्या लक्षात आलं की भातखाचरातलं डराव डराव बंद झालंय, फवारणीचं औषध बांधातल्या डबक्यात उतरून तिथले बेडकांचे टॅडपोल मेले होते. मग भात पिकायला आला आणि लष्करी अळी पडली, लोंब्या कुरतडून दाणे खाली सडा पडल्यासारखे, आणि दिवसा बघावं तर अळी दिसतच नाही. ती चुडाच्या बुंध्याशी, मातीत लपते आणि रात्री वर चढते, तेव्हा पक्षी झोपलेले असतात, त्या वेळी तिला खाणाऱ्यांत बेडूक असतो ना! काकांनी पुन्हा फवारलं तर तुडतुडे खाणारे कोळीही मेले, म्हणजे तुडतुड्यांना रान मोकळं. निदान डबक्याकडेची फवारणी तरी थांबवा हो.